अकरा तारखेचा कागद

२०२४ च्या गणपतीला मी गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी होतो. चतुर्थी शनिवारी होती, ७ सप्टेंबरला. सोमवार-मंगळवारची रजा मंजूर झाली होती आणि बुधवारी, ११ तारखेला, पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं होतं. मी मागितली होती शुक्रवारपर्यंत, म्हणजे गौरी-गणपती विसर्जन करून निघता आलं असतं. साहेबांनी अकरापासूनची रजा नाकारली, आणि कारणही खरं होतं. मी अकाउंट्समध्ये आहे. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे आदल्या महिन्याच्या विक्रीचं जीएसटी रिटर्न, भरण्याची शेवटची तारीख असते, आणि त्या दिवशी आमच्याकडे कुणी शिंकलं तरी साहेब वर बघतात.

मंगळवारी रात्रीच्या एसटीचं तिकीट काढलेलं होतं. दुपारी जेवून ओटीवर आडवा झालो तो थंडी वाजूनच उठलो. सांधे असे दुखत होते की पायरी उतरताना खांब धरावा लागला. ठाण्याची ताई फोनवर म्हणाली, "ताप किती आहे ते तोंडाने सांगू नकोस, फोटो पाठव." संध्याकाळी सव्वासातला १०२.८ चा फोटो तिला पाठवला. पावणेनऊला साहेबांना मेसेज केला: "सर, ताप आला आहे, उद्या येऊ शकत नाही. शीटचं काम ड्राइव्हवर ठेवलं आहे." त्यांचं उत्तर आलं, "ओके. काळजी घे." एसटी गेली, तिकीट बुडालं.

त्या मेसेजमध्ये मी गावी आहे हे लिहिलं नव्हतं. खोटं काही नव्हतं त्यात, पण ते वाक्य मी टाळलं होतं. रजा नाकारलेली असताना "गावाहून ताप आलाय" असं लिहिलं तर कसं वाचलं जाईल ते मला कळत होतं, म्हणूनच टाळलं. पुढचा सगळा घोळ त्या टाळलेल्या वाक्यातून झाला असं माझं मत आहे.

बुधवारी गौरीपूजन. घरात ओवशाची गडबड, नवी वहिनी सुपं मांडून बसलेली. मी आतल्या खोलीत पॅरासिटामॉल घेऊन पडून होतो. डॉक्टरकडे गेलो नाही. आई म्हणाली उद्या बघू, मलाही वाटलं प्रवासाचा आणि पावसाचा ताप आहे, उतरेल. संध्याकाळी आरतीला मात्र उठून बाहेर आलो. दहा मिनिटं उभा होतो, हातात झांजा होत्या, आणि चुलतभावाच्या पोराने नेमका तेव्हा फोटो काढून स्टेटसला टाकला. त्या फोटोत मी हसतोय.

गुरुवारी सकाळी ताप उतरायचं नाव घेईना तेव्हा दादाने शृंगारतळीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याच दिवशी रक्त तपासायला लावलं. डेंग्यूची एनएस-१ चाचणी पॉझिटिव्ह आली, प्लेटलेट्स १ लाख १२ हजार. नॉर्मलला दीड लाखाच्या वर असतात. साहेबांना लगेच कळवलं की डेंग्यू निघालाय, सोमवारपर्यंत विश्रांती सांगितली आहे. यावर मात्र उत्तर आलं नाही, निळ्या खुणा आल्या. शनिवारी प्लेटलेट्स ८४ हजारांवर गेल्या. ताप उतरल्यावरचे दोन-तीन दिवस या आजारात जास्त जपायचे असतात असं डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यामुळे ताप गेला तरी कुणी मला उठू दिलं नाही. सोमवारी, १६ ला, परत दाखवायला गेलो तर १ लाख ३० हजार. त्यांनी कामावर जायला हरकत नाही म्हटलं आणि मी तिथेच सर्टिफिकेट मागितलं.

हे सर्टिफिकेट त्यांनी कसं लिहिलं ते सांगायला हवं, कारण पुढे सगळं त्यावरच आलं. ड्रॉवरमधून त्यांनी एक रजिस्टर काढलं. त्यात अनुक्रमांक घातला, मग तोच क्रमांक सर्टिफिकेटवर. मला वर सही करायला सांगितली. शरीरावरची खूण विचारली. मी म्हटलं डाव्या गालावर तीळ आहे, तर चष्मा वर करून तो आहे का ते त्यांनी बघितलं आणि लिहिलं. हे त्यांचं वेड नव्हे. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत, त्यात सर्टिफिकेटचं रजिस्टर ठेवणं, प्रत ठेवणं, रुग्णाची सही आणि एक ओळखखूण घेणं हे सगळं आहे. मजकुराचा नमुनाही दिलेला आहे: तपासणीअंती असं प्रमाणित करतो की या व्यक्तीला अमुक आजार असून अमुक तारखेपासून इतके दिवस कामावर गैरहजर राहणं प्रकृतीसाठी आवश्यक आहे. माझ्या कागदावर "१२ ते १६ सप्टेंबर" असं आलं, १७ पासून कामाला योग्य. मी घडी घालून पाकिटात ठेवलं. बारा ही तारीख त्या क्षणी माझ्या नजरेतही भरली नाही.

१७ ला अनंत चतुर्दशीची सुट्टी होती. बुधवारी, १८ ला, ऑफिसात गेलो. साहेब "बरा आहेस ना" म्हणाले, पण खुर्ची वळवली नाही. साडेअकराला त्यांचा मेल आला, एचआरला प्रत ठेवून. इंग्रजीत होता, मथितार्थ असा:

"तुम्ही ज्या दिवसांची रजा मागितली होती आणि जी नामंजूर झाली होती, त्याच दिवसांपासून तुम्ही आजारी रजेवर गेलात. या काळात तुम्ही मूळ गावी उत्सवात सहभागी असल्याचं निदर्शनास आलं आहे. ११ सप्टेंबरपासून आजारी असल्याचा पुरावा सादर करावा. अन्यथा ही गैरहजेरी विनापरवानगी धरून वेतन कापण्यात येईल."

कान तापले. पहिलं उत्तर मी दहा मिनिटांत लिहिलं. त्यात होतं की मी सात वर्षं इथे आहे, माझी कधी तक्रार नाही, अमक्याने मे महिन्यात लग्नासाठी आजारी रजा टाकली तेव्हा कुणी काही विचारलं नाही, आणि माझ्या खासगी आयुष्यावर पाळत ठेवण्याचा अधिकार कुणाला दिला. शेवटी "खेदपूर्वक" असा शब्दही होता. तो मेल ड्राफ्टमध्ये राहिला. धाडस झालं नाही असं नव्हे, जेवायची वेळ झाली म्हणून राहिला. जेवून येऊन वाचला तेव्हा लक्षात आलं की साहेबांनी जे विचारलं होतं त्याचं उत्तर त्यात कुठेच नाही. त्यांचा प्रश्न होता अकरा तारखेचा, आणि मी उत्तर देत होतो मे महिन्याचं.

मग कंपनीची रजेची नियमावली काढली. सात वर्षांत पहिल्यांदा ते पान पूर्ण वाचलं. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त आजारी रजा असेल तर पूर्ण काळासाठी नोंदणीकृत डॉक्टरांचं प्रमाणपत्र, रुजू झाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत. माझे दिवस होते चार: ११, १२, १३ आणि १६, मध्ये शनिवार-रविवार. म्हणजे पुरावा मागणं नियमात बसत होतं. मला अपमान वाटला तरी साहेब नियमाबाहेर काही मागत नव्हते. आमच्यातल्या एकाने "लेबर लॉ दाखव त्यांना" असा सल्ला दिला, तोही तपासला. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात, म्हणजे २०१७ च्या, वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा पगारी मिळते आणि अर्जित रजा वेगळी. आजारी रजा म्हणून वेगळा प्रकार त्यात नाही. आम्हाला मिळते ती कंपनीच्या धोरणातून, तेव्हा तिच्या अटीही कंपनीच्याच. डिस्पॅचच्या पोरांचं निराळं असतं. त्यांचा पगार २१ हजारांच्या आत, त्यांना ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू, त्यांचा आजारपणाचा कागद ईएसआयच्या डॉक्टरांकडून येतो आणि पैसेही तिथूनच. माझा पगार त्याच्या वर असल्याने ती वाट माझी नव्हती.

आता पाकिटातलं सर्टिफिकेट उघडलं आणि पोटात गोळा आला. बारा. अकरा तारखेचा कागद माझ्याकडे नाहीच. आणि भांडण नेमकं अकराचं.

दादाला फोन केला. तो लगेच म्हणाला, "अरे डॉक्टर आपलेच आहेत. बाराचा अकरा करायला किती वेळ लागतो? मी संध्याकाळी जाऊन घेऊन येतो." खरं सांगतो, मी नको म्हटलं नाही. मी म्हटलं विचारून बघ. कारण अकराला मी आजारी होतोच, खोटं काय होतं त्यात? ताप खरा, डेंग्यू खरा, फक्त कागद एक दिवस मागे. रात्री डॉक्टरांनी दादाशी न बोलता मलाच फोन केला. रागावले नाहीत. म्हणाले, "मी तुम्हाला बाराला पाहिलं. अकराला तुम्ही माझ्यासमोर नव्हता. रजिस्टरमध्ये बारा आहे, नंबर पडलेला आहे. उद्या तुमच्या ऑफिसने फोन करून विचारलं तर मी काय सांगू? आणि मग तुमचे खरे पाच दिवससुद्धा खोटे ठरतील." मग जरा थांबून म्हणाले, "केसपेपर वाचलात का?"

तो मी वाचला नव्हता. औषधांच्या पिशवीत होता, गुळगुळीत झालेला, मागच्या बाजूला गोळ्यांच्या वेळा. पुढे सगळ्यात वर, तारीख १२/९, आणि खाली त्यांच्या अक्षरात: ताप २ दिवस, थंडी, सांधेदुखी, डोळ्यांमागे दुखणं. प्रत्येक डॉक्टर पहिल्यांदा हेच लिहितो, कधीपासून होतंय. ते लिहिलं गेलं तेव्हा साहेबांचा मेल नव्हता, माझं सर्टिफिकेट नव्हतं, भांडण नव्हतं. अर्थात तो माझा तोंडी जबाबच, डॉक्टरांनी उतरवून घेतलेला. दहा तारखेचा ताप त्यांनी मोजला नव्हता. पण आठवडाभर आधीच्या तारखेचा, दुसऱ्याच्या हातचा कागद होता तो. एनएस-१ बद्दल त्यांनी एवढंच सांगितलं की ती तापाच्या सुरुवातीच्या दिवसांत सापडते, तेव्हा दोन दिवसांच्या तापाशी जुळतं. "पण रिपोर्टवरून ताप नेमका कोणत्या दिवशी आला ते मी लिहून देणार नाही."

त्या रात्री उत्तर लिहिलं नाही. फक्त एका कागदावर दोन रकाने केले, माझ्याकडे काय आहे आणि काय नाही. आहे: सर्टिफिकेट, केसपेपर, तीन रक्ततपासण्या, दहा तारखेचा साहेबांना गेलेला मेसेज, न वापरलेलं एसटीचं तिकीट. नाही: अकराचा कोणताही डॉक्टरी कागद. ताईला पाठवलेला थर्मामीटरचा फोटो कुठे घालावा यावर बराच वेळ गेला. तारीख-वेळ त्यावर होती, १०२.८ स्पष्ट दिसत होतं. पण थर्मामीटरवर माणसाचं नाव नसतं. शेवटी तो जोडायचा, पण पुरावा म्हणून नाही असं ठरवलं.

दुसरी गोष्ट अवघड होती. अकराला डॉक्टरकडे का गेलो नाही? "गौरीपूजनामुळे दवाखाना बंद होता" हे वाक्य इतकं सहज सुचलं की लिहूनही झालं. पटण्यासारखं होतं. पण दवाखाना बंद होता की उघडा, मला ठाऊकच नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. खोडलं.

आणि फोटो. त्या फोटोत मी सप्टेंबरच्या कोकणात, जिथे गंजिफ्रॉकही नकोसं होतं, तिथे स्वेटर घालून उभा आहे. हे मला फार मोठं वाटलं होतं. वकिलासारखं वाटत होतं की हा मुद्दा मांडला की साहेब गप्प. मग विचार केला, मी त्या स्वेटरवर भांडायला लागलो की मेल फोटोवरचा होणार, आजारावरचा नाही. तेही काढलं. गुरुवारी सकाळी जे पाठवलं ते मराठीत साधारण असं होतं:

"सर, आपल्या मेलमधल्या मुद्द्यांचं उत्तर देत आहे.

मी १० ते १७ सप्टेंबर गावीच होतो. १० च्या रात्रीच्या एसटीने निघणार होतो, तिकीट जोडलं आहे. संध्याकाळी ताप आल्याने निघालो नाही. त्या रात्रीच्या मेसेजमध्ये मी गावी असल्याचं लिहिलं नाही, ते लिहायला हवं होतं.

११ तारखेला मी डॉक्टरकडे गेलो नाही. साधा ताप समजून घरीच औषध घेतलं. त्यामुळे ११ चं वैद्यकीय प्रमाणपत्र माझ्याकडे नाही आणि ते मिळणारही नाही. त्या संध्याकाळी मी घरच्या आरतीला सुमारे दहा मिनिटं उभा होतो, आपण पाहिलेला फोटो तेव्हाचा आहे.

१२ ला डॉक्टरांनी तपासलं. १२ ते १६ चं प्रमाणपत्र जोडलं आहे. १२ च्या केसपेपरवर 'ताप २ दिवस' अशी नोंद आहे, ती मी सांगितलेल्या माहितीवरून आहे. १२, १४ आणि १६ चे रक्ताचे रिपोर्ट जोडले आहेत. १० तारखेचा थर्मामीटरचा फोटो माहितीसाठी जोडत आहे.

डॉक्टरांकडून खात्री करायची असल्यास प्रमाणपत्रावर रजिस्टर क्रमांक आहे, माझी संमती आहे.

१२, १३ आणि १६ आजारी रजा धरावी ही विनंती. ११ बाबत नियमाप्रमाणे जो निर्णय होईल तो मला मान्य आहे."

रिपोर्ट जोडावेत की नाही यावर ताई वेगळं म्हणत होती. तिच्या मते सर्टिफिकेट पुरेसं असतं, रक्ताचे आकडे ऑफिसला कशाला. तिचं बरोबर आहे. डेंग्यूत लपवण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी दिले. आजार दुसरा काही असता, सांगायला नको वाटणारा, तर मी फक्त सर्टिफिकेट दिलं असतं, तेही थेट एचआरला, साहेबांना नाही.

दुपारी एचआरच्या बाईंनी बोलावलं. साहेब आधीच बसलेले होते. सर्टिफिकेट त्यांच्या हातात होतं. बाईंनी सरळ विचारलं, "अकराचं काय करायचं? सिक लीव्ह देता येणार नाही." मी म्हटलं, मेलमध्ये लिहिलंय. त्या म्हणाल्या, किरकोळ रजा शिल्लक आहे, अर्ज टाका, साहेब मंजूर करतील. साहेबांनी मान हलवली. वेतन कापण्याचा विषय निघालाच नाही. मग साहेब पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "तू गावाला आहेस हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं. स्टेटसवरून नाही." मी हो म्हटलं. ते पुढे म्हणाले, "अकराला रात्री पावणेबारापर्यंत मी स्वतः बसलो होतो पोर्टलवर." ते मला ठाऊक नव्हतं. दुसरं कुणी ते काम करून टाकेल असं मी गृहीत धरलं होतं.

फोटो कुणी दाखवला ते मी विचारलं नाही. अंदाज आहे, आमच्याच तालुक्यातला आहे.

खाली येऊन सिस्टिममध्ये नोंद केली: किरकोळ एक, आजारी तीन. मग साहेबांनी भरलेलं ऑगस्टचं रिटर्न उघडलं. चाकणच्या एका पार्टीची दोन इन्व्हॉइसं त्यात आलीच नव्हती. पुढच्या महिन्याच्या रिटर्नपर्यंत थांबायची गरज नव्हती, त्याच वर्षी जीएसटीआर-१ए सुरू झालं होतं, ३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, भरायच्या आत त्यात राहिलेलं घालता येतं, आणि ३बी ची तारीख होती २०. म्हणजे उद्या. साहेबांना जाऊन सांगितलं तर म्हणाले, "रात्री पावणेबाराला काय दिसतंय." मग विचारलं, "प्लेटलेट्स आता किती?" मी म्हटलं एक तीस. "मग सहाला घरी जा. एवढी दोन घाल आणि जा."